कानांसाठी लिहिलेली केस

सरकारी मेडिकल कॉलेजच्या मेडिसिन विभागात सकाळी आठच्या मीटिंगला जे घडतं, ते बाहेरच्या माणसाला बघायला मिळत नाही. खोलीत प्राध्यापक, लेक्चरर, रात्रपाळी करून आलेले रेसिडेंट आणि मागच्या रांगेत पेंगणारे इंटर्न असतात. रात्रीत दाखल झालेल्या रुग्णांपैकी गंभीर असलेल्यांची माहिती रात्रीचा रेसिडेंट उभा राहून देतो. एका रुग्णाला साधारण दोन मिनिटं मिळतात. समोर कोणाच्याही हातात कागद नसतो. त्याने जे बोललं तेवढंच खोलीला कळतं आणि त्यावर निर्णय होतात.

गंमत अशी, की केस कशी लिहायची हे विद्यार्थ्याला वर्षानुवर्षं शिकवलं जातं. नाव, वय, पत्ता, व्यवसाय, मग तक्रारी कालक्रमाने, मग सध्याच्या आजाराचा इतिहास, जुने आजार, घरातले आजार, सवयी, तपासणी, रिपोर्ट आणि शेवटी निदान. हा क्रम कागदासाठी उत्तम आहे. कागद वाचणारा डोळा हवा तिथे उडी मारतो, निदान बघायला थेट शेवटी जातो, आकडा विसरला तर वर परत येतो. कानाला यातलं काहीच करता येत नाही. ऐकणाऱ्याला पुढचं वाक्य येईपर्यंत मागचं सगळं डोक्यात धरून ठेवावं लागतं. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी 1956 मध्ये अशा तात्पुरत्या स्मृतीची मर्यादा सातच्या आसपास सांगितली होती. पुढे 2001 मध्ये नेल्सन कोवन यांनी ती चारच्या जवळ आणून ठेवली. रेसिडेंटने पहिल्या वाक्यात नाव, वय, गाव, व्यवसाय, दाखल झाल्याची वेळ आणि वॉर्ड नंबर सांगितला, की ऐकणाऱ्याच्या डोक्यातल्या जागा रुग्णाला काय झालंय हे कळण्याआधीच भरून जातात.

यासाठी एक केस घेऊ. ती कोणा एका रुग्णाची नाही. पावसाळ्यात महाराष्ट्रातल्या जिल्ह्याच्या ठिकाणी ज्या प्रकारचे रुग्ण येतात, त्यांवरून ती रचली आहे. मण्यारदंशाची केस मुद्दाम निवडली, कारण तिच्यात ऐकणाऱ्याला फसवणाऱ्या जागा फार आहेत.

मण्यार रात्री हिंडणारा साप आहे. तो घरात शिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. त्याचे विषदंत एवढे बारीक असतात, की पुष्कळदा खूण दिसत नाही, दुखत नाही आणि सूजही येत नाही. माणूस तासा-दोन तासांनी पोटदुखीने आणि उलट्यांनी उठतो. मग पापण्या खाली येतात, गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू लुळे पडतात. म्हणजे आजाराची गोष्ट पोटापासून सुरू होते आणि छातीशी येऊन थांबते. कागदी क्रमाने सांगितलं तर ऐकणारा पहिलं अर्धं मिनिट पोटाच्याच आजाराचा विचार करत बसतो.

कागदी क्रमातली केस कशी ऐकू येते ते पाहा. ‘रुग्ण अमुक, वय चौतीस, पुरुष, विवाहित, राहणार अमुक, व्यवसाय शेतमजुरी, पहाटे पाच वाजता कॅज्युअल्टीत दाखल. रुग्ण रात्री दोन वाजेपर्यंत अपॅरंटली ऑलराइट होता. त्यानंतर पोटात दुखायला लागलं, ते अचानक सुरू झालं, वेदना मध्यम स्वरूपाची, बेंबीभोवती, कुठे पसरत नव्हती. उलट्या तीन झाल्या, त्यात अन्न होतं, रक्त नव्हतं, पित्त नव्हतं...’ इथवर येईपर्यंत वीस-पंचवीस सेकंद गेली. खोलीतल्या सर्जरीच्या माणसाला अपेंडिक्स दिसायला लागलं. आणि रुग्ण व्हेंटिलेटरवर आहे हे अजून कोणालाच माहीत नाही.

यातलं एक वाक्यही चुकीचं नाही. केस पेपरवर हे असंच हवं. पण मीटिंगमध्ये साधारण याच सुमारास प्राध्यापक विचारतात, ‘अरे, पण आत्ता कसा आहे तो?’ प्राध्यापक तापट असले तर आवाज चढतो, एवढाच फरक. प्रश्न विचारला गेला याचा अर्थ क्रम चुकला. माझ्या मते रेसिडेंटने आपल्या सादरीकरणाची परीक्षा याच कसोटीवर घ्यावी. ऐकणाऱ्याला मध्येच प्रश्न विचारावासा वाटला, तर त्याचं उत्तर त्या क्षणाच्या आधी यायला हवं होतं.

आता तीच केस कानांसाठी लिहिलेली. हॉस्पिटलात ती इंग्रजी-मराठीच्या नेहमीच्या मिश्रणात बोलली जाते. वाचकांच्या सोयीसाठी इथे मराठीत दिली आहे. आकडे अक्षरांत लिहिले आहेत, कारण बोलताना ते शब्द म्हणूनच येतात आणि झोप न झालेल्या माणसाची जीभ अंकांवर अडखळते.

‘सर, रात्रीतला सगळ्यात गंभीर रुग्ण. चौतीस वर्षांचा शेतमजूर. मण्यार चावल्याचा संशय आहे. श्वासाचे स्नायू लुळे पडलेत आणि सव्वा तासापासून तो व्हेंटिलेटरवर आहे. एएसव्हीच्या दहा वायल देऊन झाल्यात. पुढच्या दहा द्यायच्या का, हा निर्णय आत्ता हवा आहे.

‘घरात जमिनीवर झोपला होता. सहा तासांपूर्वी पोटदुखीने जाग आली, उलट्या झाल्या. गावातल्या डॉक्टरांनी पित्ताचं इंजेक्शन दिलं. दोन तासांनी पापण्या जड झाल्या, मग गिळता येईना. आमच्याकडे पोचला तेव्हा आजार सुरू होऊन तीन तास झाले होते. साप कोणी पाहिलेला नाही. दंशाची खूण नाही. सूज नाही. रक्त वीस मिनिटांत गोठलं.

‘आला तेव्हा एका दमात वीसपर्यंत मोजत होता. तासाभरात नऊवर आला आणि मान उचलता येईना. ऑक्सिजन तेव्हाही शहाण्णव होता, पण आम्ही त्यासाठी थांबलो नाही, ट्यूब टाकली.

‘एएसव्ही आल्यापासून पंधरा मिनिटांत सुरू केलं, तासाभरात संपलं. रिअ‍ॅक्शन आली नाही. निओस्टिग्मिनचा एक डोस देऊन पाहिला, फरक पडला नाही.

‘आत्ता तो शुद्धीवर आहे असंच आम्ही धरतोय. झोपेचं औषध सुरू आहे, त्याच्याशी बोलूनच सगळं करतोय. हातपाय हलत नाहीत. बाहुल्या मोठ्या आहेत, टॉर्चला प्रतिसाद नाही, पण तो विषाचा परिणाम आहे. नाडी, रक्तदाब ठीक. पोटॅशिअमचा रिपोर्ट यायचाय.

‘थोडक्यात, खूण नसलेला मण्यारदंश, दहा वायलनंतरही लकवा वाढलेला. माझं मत, पुढच्या दहा द्याव्यात आणि तिथे थांबावं. दोन गोष्टी हव्यात. त्या दहांना तुमची मान्यता, आणि आयसीयूत एक बेड, कारण व्हेंटिलेटर काही दिवस लागेल.’

हे सुमारे दोनशे शब्द आहेत. श्वास घेत, वाक्यांमध्ये थांबत वाचले की दोन मिनिटं पुरतात. अडीचशे-तीनशे शब्द कोंबले तर रेसिडेंट धावायला लागतो आणि धावताना नेमके आकडे गिळले जातात.

पहिला परिच्छेद सगळ्यात महत्त्वाचा, त्यामुळे त्यावर थोडं थांबू. त्यात चार गोष्टी आहेत. रुग्ण कोण, झालंय काय, आत्ताची अवस्था काय आणि आमच्याकडून काय हवं. चौथी गोष्ट पहिल्या वीस सेकंदांत सांगायची कल्पना बऱ्याच रेसिडेंटना पटत नाही. सरांपुढे निदान शेवटी उलगडावं, तोवर उत्सुकता राहावी, अशी शिकवणीतली सवय असते. बेडसाइड क्लिनिकमध्ये ती ठीक, तिथे विद्यार्थ्यांना विचार करायला लावायचा असतो. सकाळच्या मीटिंगमध्ये ऐकणाऱ्याला निर्णय घ्यायचा असतो. प्रश्न आधी कळला, की पुढचा प्रत्येक तपशील तो त्या प्रश्नाशी ताडून ऐकतो. ‘दहा वायल द्यायच्या का’ हे डोक्यात असलं, की ‘रिअ‍ॅक्शन आली नाही’ या वाक्याला लगेच अर्थ येतो. प्रश्न माहीत नसेल तर ते नुसतंच एक वाक्य राहतं.

वेळ कशी सांगितली आहे तेही पाहण्यासारखं आहे. कागदावर घड्याळाची वेळ हवीच, कायद्यासाठीही हवी. पण ‘दोन वाजता पोटदुखी, चार वाजता पापण्या, पाच वाजता दाखल, सहा चाळीसला ट्यूब’ असं ऐकलं की ऐकणारा मनातल्या मनात वजाबाक्या करायला लागतो आणि तेवढ्यात दोन वाक्यं निसटतात. म्हणून स्क्रिप्टमध्ये वजाबाकी करूनच दिली आहे. ‘सहा तासांपूर्वी’, ‘दोन तासांनी’, ‘सव्वा तासापासून’. एएसव्हीच्या बाबतीत तर हे अंतरच निर्णय ठरवतं. मज्जासंस्थेवर परिणाम करणाऱ्या विषात पहिल्या डोसनंतर एक ते दोन तासांत सुधारणा नसेल किंवा लकवा वाढला असेल, तर आणखी दहा वायलपर्यंत द्यायच्या आणि एकूण वीसच्या पुढे जायचं नाही, अशी आपल्याकडची रूढ पद्धत आहे. एएसव्ही सव्वासहाला संपलं आणि आत्ता आठ वाजलेत, हे गणित ऐकणाऱ्यावर सोडायचं कशाला?

आता नकारांबद्दल. या केसमध्ये काय नाही हेच निदान आहे. खूण नाही, सूज नाही आणि रक्त न गोठण्याची तक्रार नाही. शेवटच्या गोष्टीसाठी कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग नळी तिरपी करून पाहतात. घोणस किंवा फुरसं चावलं असेल तर ते बहुधा पातळच राहतं. मण्यारीत गोठतं. पण हे नकार कसे बोलायचे? मराठीत ‘नाही’ वाक्याच्या शेवटी येतं. ‘ताप, झटके, डोकेदुखी, सूज, रक्तस्राव आणि दंशाची खूण नाही’ असं म्हटलं, तर कानाने सहा गोष्टी ‘आहेत’ म्हणून घेतल्या आणि शेवटी एका शब्दाने सगळ्या पुसायच्या. रात्रभर जागलेल्या खोलीत त्या पुसल्या जात नाहीत. कोणीतरी पाच मिनिटांनी विचारतोच, ‘ताप होता ना त्याला?’ म्हणून प्रत्येक नकाराला स्वतंत्र छोटं वाक्य द्यायचं, आणि निदान बदलू शकतील एवढेच तीन-चार नकार घ्यायचे. झटके नव्हते, डोकेदुखी नव्हती, हे केस पेपरवर राहू द्यावं.

या स्क्रिप्टमधली मला सगळ्यात बोलकी वाटणारी जागा बाहुल्यांची आहे. मण्यारीचं विष स्नायूंना संदेश देणाऱ्या चेतांच्या टोकांवर बसतं. तिथे ते नुकसान करतं, म्हणून एएसव्हीने झालेला लकवा लगेच उलटत नाही. नवी टोकं तयार होईपर्यंत दिवस जातात. नागाच्या विषात निओस्टिग्मिनने पापण्या वर येताना दिसतात, तसं इथे सहसा होत नाही. हे विष मेंदूला बेशुद्ध करत नाही. रुग्ण ऐकत असतो, त्याला कळत असतं, पण डोळा, जीभ, बोट काहीच हलत नाही. त्यात बाहुल्याही मोठ्या होऊन प्रकाशाला प्रतिसाद देईनाशा होतात. मेंदू मृत झाल्यावर दिसतं, अगदी तसंच हे दिसतं. कागदावर ‘बाहुल्या प्रतिसादहीन’ आधी लिहिलं की ‘रुग्ण शुद्धीवर’ आधी लिहिलं, याने बिघडत नाही, डोळा दोन्ही एकदमच पाहतो. कानाचं तसं नाही. खोलीने ‘बाहुल्यांना प्रतिसाद नाही’ हे आधी ऐकलं, की निम्म्या चेहऱ्यांवर रुग्ण गेल्यात जमा होतो आणि नंतरचं वाक्य त्या मताशी झगडत राहतं. मग आयसीयूच्या बेडची मागणीही कमजोर पडते. म्हणून ‘तो शुद्धीवर आहे असंच आम्ही धरतोय’ हे वाक्य आधी, बाहुल्या नंतर, आणि बाहुल्यांच्याच वाक्याला कारण चिकटवलेलं. इथे वाक्यांच्या क्रमावर माणसाचा बेड अवलंबून आहे.

शहाण्णव ऑक्सिजनचंही असंच. श्वासाचे स्नायू थकत असताना बोटाला लावलेल्या यंत्रावरचा आकडा बराच वेळ चांगला दिसतो. एका दमात मोजता येणारे अंक त्याच्या आधी घसरतात. म्हणून स्क्रिप्टमध्ये आधी वीसवरून नऊ, मग ऑक्सिजन, तोही ‘त्यासाठी थांबलो नाही’ या शेऱ्यासकट. आकडा एकटा सोडायचा नाही. आणि आकडे मोजकेच घ्यायचे. नाडी आणि रक्तदाबाचे आकडे मुद्दाम नाहीत, ते ठीक आहेत एवढं पुरे. हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, यकृताचे रिपोर्ट यातलं काहीच या निर्णयाला लागत नाही. कोणी विचारलं तर खिशातल्या चिठ्ठीवर असावेत. पोटॅशिअम मात्र घेतलं आहे. मण्यारदंशात ते कमी झालेलं आढळतं, आणि यायचाय म्हटलं की कोणीतरी त्याच्या मागे लागतं.

शेवटचा परिच्छेद पहिल्याची उजळणी वाटेल. आहेच ती. छापील लेखात अशी उजळणी संपादक कापतो. बोलण्यात ती ठेवावी लागते, कारण मधल्या मिनिटात कोणाचा तरी फोन वाजलेला असतो आणि दार उघडून कोणीतरी उशिरा आत आलेलं असतं. फक्त एक नवी गोष्ट तिच्यात हवी, रेसिडेंटचं स्वतःचं मत. ‘काय करू सर?’ असं विचारून सोडून दिलं तर चर्चा पहिल्यापासून सुरू होते. ‘माझं मत असं’ म्हटलं की चर्चा त्या मताभोवती फिरते आणि लवकर संपते, मग ते मत खोडलं गेलं तरी चालेल.

ड्युटी सोपवण्याच्या बोलण्याला ठरावीक साचा द्यावा, ही कल्पना परदेशात चांगली तपासून पाहिली गेली आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ हॉस्पिटलांत बालरोग विभागाच्या रेसिडेंटना आय-पास नावाचा साचा शिकवला गेला आणि त्याचे निष्कर्ष 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. उपचारातल्या चुका 23 टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोगे अपाय 30 टक्क्यांनी घटले. त्या साच्याची सुरुवात रुग्ण किती गंभीर आहे या शब्दांनी होते, आणि शेवट ऐकणाऱ्याने आपल्या शब्दांत सांगून होतो. हा शेवटचा भाग आपल्याकडे उचलला जात नाही. प्राध्यापक रेसिडेंटला उलट सांगून दाखवणार, हे आपल्या मानापमानाच्या पद्धतीत बसत नाही. पण युनिटमधल्या दिवसपाळीच्या रेसिडेंटने ‘म्हणजे आत्ता दहा वायल, पोटॅशिअम बघायचं, बेडसाठी फोन’ एवढं म्हणायला हरकत नसावी.

साचा हाताशी असला तरी तो भरताना डोकं लावावंच लागतं. हीच स्क्रिप्ट डेंगीच्या रुग्णाला लावली तर क्रम बदलेल. तिथे आजाराचा दिवस कितवा, हे पहिल्याच वाक्यात हवं, कारण ताप उतरतानाचे दिवस धोक्याचे. आणि तिथे एका प्लेटलेटच्या आकड्यापेक्षा रक्ताचं दाटपण वाढतंय का, हे आधी यायला हवं. म्हणजे दर केसला विचार करायचा, की ऐकणारा कुठे चुकीच्या वाटेला लागेल, आणि त्या जागेच्या आधी पाटी लावायची.

तयारी कशी करावी? साडेसातला स्क्रिप्ट मनात वाचून उपयोग नाही, मनात सगळंच दोन मिनिटांत बसतं. ती मोठ्याने वाचायची, फोनवर वेळ लावून, आणि रात्री ड्युटीवर नसलेल्या एखाद्याला ऐकवायची. सिस्टर मिळाल्या तर फारच उत्तम, त्या भिडेखातर माना डोलवत नाहीत. मग फक्त एक विचारायचं, ‘काय कळलं?’ उत्तर ‘साप चावलेला, व्हेंटिलेटरवर, पुढचा डोस द्यायचाय’ असं आलं तर काम झालं. ‘पोट दुखत होतं’ इथून आलं तर क्रम बदलायचा. दुसरं म्हणजे, वाक्य कागदावर पाहिल्याशिवाय आठवत नसेल तर ते लांब आहे, ते तोडायचं.

आता वाचकांसाठी. या रचलेल्या केसमध्ये गावातल्या डॉक्टरांनी पित्ताचं इंजेक्शन दिलं, कारण घरच्यांनी घडलं त्या क्रमाने सांगितलं, ‘पोटात दुखतंय, उलट्या होतायत.’ जमिनीवर झोपलेलं माणूस रात्री पोटदुखीने उठलं आणि त्याच्या पापण्या मिटायला लागल्या, बोलणं जड झालं, तर 108 ला फोन करताना किंवा डॉक्टरांना उठवताना पोटाचं नंतर सांगा. पहिलं वाक्य असं असू द्या: ‘जमिनीवर झोपला होता, डोळे उघडत नाहीत, गिळता येत नाही, साप चावला असेल अशी शंका आहे.’ साप दिसला नसला, खूण सापडली नसली तरी हेच सांगा, आणि एएसव्ही व व्हेंटिलेटर दोन्ही असलेल्या हॉस्पिटलात न्या.